बारा आठवड्यांत उकुलेले : चिंचपाड्याच्या नव्या वर्गाची आखणी



मागच्या वर्षी चिंचपाड्यात उकुलेलेचा वर्ग सुरू केला तेव्हा बारा जणी आल्या होत्या. सातव्या आठवड्यात पाचच उरल्या. बाकीच्यांनी "वेळ नाही" असं सांगितलं, पण नंतर घरी जाऊन बसले तेव्हा खरं कारण कळलं. एक काकी म्हणाल्या, "बोटं जमत होती गं, पण गाताना आवाज फाटायचा. सगळ्यांसमोर लाज वाटायची." चूक माझी होती. मी गाणं चुकीच्या पट्टीत शिकवत होते. या वेळची आखणी त्यातूनच बदलली आहे.

आधी वाद्याबद्दल थोडं. उकुलेले म्हणजे चार नायलॉन तारांची छोटी गिटार. 1879 साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून हवाई बेटांवर मजूर गेले. त्यांच्याकडच्या छोट्या वाद्यावरून हे तिथे घडलं. वरून खाली तारांचे सूर पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा. भजनाच्या पेटीवर ते लगेच सापडतात. ट्यूनरच्या पडद्यावर हेच G, C, E, A असे दिसतात. मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेला आपण "घर" म्हणू.

बारा जणींना सहा वाद्यं पुरतात. एकीने वाजवायचं, जोडीदारणीने टाळी देत गायचं, मग अदलाबदल. वाद्य घेताना एक तपासणी नक्की करा. तार मोकळी वाजवा, मग बाराव्या पट्टीला लागून दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही वेळा तेच अक्षर आणि काटा मध्यावर आला पाहिजे. येत नसेल तर ते वाद्य परत करा, कारण ते कधीच सुरात लागणार नाही. वाद्य चांगलं असलं तरी नव्या तारा पहिले काही दिवस ताणत राहतात, म्हणून रोज सूर लावावा लागतो. त्याला "खराब माल" समजू नका. मात्र पत्र्याच्या घरात भिंतीला टांगून ठेवू नका, उन्हाने लाकूड उलतं.

वर्ग आठवड्याला एक तास, गटाच्या बैठकीनंतर. घरी रोज दहा मिनिटं. भात निघाल्यावर, डिसेंबरच्या मध्याला सुरू केला तर होळीच्या आसपास संपतो.

पहिले दोन आठवडे एकच कॉर्ड, सी. सर्वात खालची तार, तिसरं घर, अनामिकेने दाबायची. बोट धातूच्या पट्टीला लागून ठेवलं तर आवाज स्वच्छ येतो, घराच्या मध्यात ठेवलं तर खर्र होतो. डाव्या हाताची नखं कापा. बांगड्या लाकडावर आपटतात, पण त्या काढायला कुणालाही सांगणार नाही. वर सरकवून रुमाल बांधला की झालं. बोटाची टोकं दुखतील, ते चालतं. मनगट दुखलं तर मात्र थांबा, हात वाकडा धरला जातोय. दुसऱ्या आठवड्याचं लक्ष्य एवढंच, की चारच्या ठेक्यात दोन मिनिटं न थांबता सी वाजवता यावी आणि त्यावर जात्यावरची एखादी ओवी म्हणता यावी. ओवी पाच-सहा सुरांत फिरते, त्यामुळे कुणाचा आवाज अडत नाही.

तिसरा आणि चौथा आठवडा ए-मायनर आणि एफ. ए-मायनरला फक्त सर्वात वरची तार, दुसरं घर, मधल्या बोटाने. ते बोट तसंच ठेवून वरून तिसऱ्या तारेच्या पहिल्या घरात तर्जनी ठेवली की एफ झाला. मग सी आणि एफ आलटून पालटून, त्यावर पावसाचं एखादं बालगीत किंवा घरची अंगाई.

पाच ते सात इथे गाडी अडते. जी-सेव्हनला तीन बोटं लागतात : वरून दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या घरात मधलं, तिसऱ्या तारेच्या पहिल्या घरात तर्जनी, सर्वात खालच्या तारेच्या दुसऱ्या घरात अनामिका. मागच्या वेळी मी हे एका आठवड्यात उरकलं होतं. आता पूर्ण तीन आठवडे देणार आहे. एक युक्ती आहे. सीवरून जी-सेव्हनला जाताना अनामिका उचलायचीच नाही. ती आधीच खालच्या तारेवर आहे, तिसऱ्या घरातून दुसऱ्यात नुसती सरकवायची. मग बाकीची दोन बोटं ठेवायची. जोडीदारणीने मोबाईलवर एक मिनिट लावावं आणि किती वेळा बदल झाला ते मोजावं. पाचव्या आठवड्यात आठ-दहा वेळा झाला तरी पुष्कळ, सातव्यात वीसपर्यंत पोहोचायचं. गाणं म्हणाल तर "हॅपी बर्थडे", तीनच्या ठेक्यात. ते खालच्या पांढरी पाचपासून वरच्या पांढरी पाचपर्यंतच जातं, म्हणून सीमध्येही आपल्या गळ्याला बसतं.

आठवा नवीन काही नाही. लग्नसराई, आजारपण, शेतातली कामं यांत ज्या मागे पडल्या त्यांच्यासाठी. मागच्या वेळी हा आठवडा नव्हता.

नववा आणि दहावा "हम होंगे कामयाब". बैठकीत म्हणतो तेच. मी ते सीमध्ये शिकवलं होतं, म्हणजे पांढरी एकला सा धरून. या गाण्याची चाल तिसऱ्या ओळीत वरच्या सा च्याही वर, वरच्या रे पर्यंत चढते. पांढरी एकमध्ये तो रे गाठताना बहुतेक जणींचा आवाज फाटला आणि मला वाटलं ताया लाजतायत. तेच गाणं खालच्या पांढरी पाचला, म्हणजे जीमध्ये घेतलं की सगळ्यात उंच सूर पांढरी सहाच्या आत राहतो. त्यासाठी जी, सी आणि डी-सेव्हन लागतात. डी-सेव्हन सोपा आहे : सर्वात वरची आणि वरून तिसरी तार, दोन्ही दुसऱ्या घरात. जीला खालच्या तीन तारांवर त्रिकोणासारखी बोटं येतात, वरून खाली घरं दोन, तीन, दोन. पहिल्या दोन ओळी जी-सी-जी अशा जातात, तिसरी ओळ डी-सेव्हनवर संपते, मग पुन्हा जी-सी-जी आणि शेवटी जी-डी-सेव्हन-जी.

त्या काकींना पांढरी पाचमध्ये हे म्हणून दाखवलं. दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा पूर्ण म्हणाल्या. त्यांनी नाव परत दिलंय.

अकरावा आपली मावची गाणी. इथे एक मर्यादा आहे. लग्नातली आणि होळीची आपली गाणी कॉर्डसाठी बांधलेली नाहीत. नेहमीची सी लावली तर तिच्यातला शुद्ध गंधार गाण्यातल्या कोमल गंधारावर आदळतो आणि कानाला काहीतरी खटकतं. तेव्हा खालच्या दोन्ही तारा तिसऱ्या घरात एकाच बोटाने आडव्या दाबा, वरच्या दोन मोकळ्या. आता फक्त सा आणि प वाजतात, तानपुऱ्यासारखे. गाणं वर मोकळं फिरतं. ठेका मात्र ढोलाचाच ठेवा, उकुलेले ढोलाची जागा घेऊ शकत नाही.

बारावा गटाच्या बैठकीत तीन गाणी : ओवी, "हम होंगे कामयाब" आणि एक मावची गाणं. मंच नाही, माईक नाही. गोल बसूनच.

वाद्यांचे पैसे बचतीतून किंवा कर्जाच्या रकमेतून घ्यायचे नाहीत, असं माझं मत आहे. सहा वाद्यं गटाच्या नावावर राहतील आणि घरी नेण्याची नोंद वहीत होईल. मागची सहा अजून आहेत, त्यातल्या दोघांच्या तारा बदलायच्या आहेत. नावं आपापल्या गटाच्या सचिव ताईंकडे द्या. पहिल्या दिवशी प्रत्येकीचा गळा पेटीवर तपासू, मगच गाणी ठरवू.