रील चार, पैसे किती?

येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. इन्स्टाग्राम सांभाळायला मालकांना कोणीतरी हवं आहे. महिन्याला 12 पोस्ट, 4 रील, शिवाय येणाऱ्या मेसेजना उत्तरं. नाशिकची एक तरुणी घरूनच अशी कामं करते. मालक विचारतात, "ताई, महिन्याचं किती घ्याल?" अशा वेळी बहुतेक जण मैत्रिणीला विचारतात, किंवा समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून आकडा सांगतात. आकडा निघायला हवा तो तासांच्या हिशेबातून.

आधी स्वतःच्या तासाचा दर. तिला घरखर्चाला 40 हजार लागतात. इंटरनेट, फोन, डिझाइनच्या ॲपची वर्गणी, प्रवास यांना 8 हजार. कर, आजारपण आणि कामाविना जाणारे महिने यांसाठी 12 हजार बाजूला. एकूण 60 हजार. महिन्यात 25 दिवस रोज आठ तास धरले तर 200 तास होतात, पण ते सगळे विकले जात नाहीत. नवं काम शोधणं, कोटेशन पाठवणं, थकलेल्या पैशांसाठी फोन करणं यात 80 तास सहज जातात. उरतात 120. म्हणजे तासाला 500 रुपये. पगाराला 200 तासांनी भागणारे इथेच फसतात. त्यांचा दर 300 निघतो आणि वर्षभर राबूनही हातात काही का उरत नाही, ते कळत नाही.

आता दुकानाचं काम. एका रीलला विचार, चित्रीकरण आणि एडिटिंग धरून पाच तास, म्हणजे चार रीलना 20. पोस्टला सव्वा तास, म्हणजे बारा पोस्टना 15. मेसेजना रोज अर्धा तास, 26 दिवसांचे 13. महिन्याचं नियोजन, बैठक आणि अहवाल 6, दुरुस्त्या 4. बेरीज 58 तास, फी 29 हजार.

मालक म्हणतात, "वीसच्या वर जमणार नाही. आमच्या भाच्याचा मित्र पंधरात करतो." यावर मुकाट्याने वीसला हो म्हटलं, तर तासाचा दर 345 वर घसरतो. चांगली घासाघीस दरावर होत नाही, कामावर होते. तिचं उत्तर असं असू शकतं: "वीसमध्ये नक्की करू, काका. पण मेसेजना उत्तरं दुकानातली मुलं देतील आणि रील तीन होतील." मेसेजचे 13 आणि एका रीलचे 5 तास वजा झाले की उरतात 40. दर 500 च राहतो. शिवाय पैठणीचा रंग, भाव, शिल्लक हे दुकानातल्या माणसालाच नीट माहीत असतं, त्यामुळे हा बदल दुकानाच्याही फायद्याचा.

ठरलेलं लिहून ठेवायचं असतं, आणि तेही आकड्यांत. "सोशल मीडिया सांभाळणे" असं लिहिणं म्हणजे सातबारा न बघता जमीन घेणं. त्यात फेसबुकही येतं, गुगलवरची दुकानाची माहितीही येते आणि मालकांच्या मुलीच्या साखरपुड्याचं कार्डही येतं. म्हणून पोस्ट 12, रील 3, रील 30 ते 45 सेकंदांची, चित्रीकरण महिन्यातून एकाच दिवशी, असं स्पष्ट लिहावं. जादा रील हवी असेल तर 2,500 रुपये. उद्याच हवी असेल तर 4,000.

सगळ्यात जास्त तास खातात त्या दुरुस्त्या. मालक रंग बदलायला सांगतात, संध्याकाळी त्यांचे बंधू जुनाच रंग मागतात. त्यासाठी दोन अटी पुरतात: दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, आणि सूचना एकाच माणसाकडून, एकत्र. तिसऱ्या फेरीपासून तासाचे पैसे. व्हॉट्सॲपला उत्तर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, हेही त्याच कागदावर.

जाहिरातींचा खर्च या फीमध्ये कधीच मिसळू नये. तो दुकानाच्या कार्डातून थेट जावा आणि खातंही दुकानाच्याच नावावर असावं. जाहिराती चालवून द्यायची फी वेगळी. काम थांबवायचं झालं तर दोन्हीकडून 30 दिवसांची सूचना.

फी दर महिन्याच्या 5 तारखेपर्यंत आगाऊ घ्यावी. मोठी कंपनी मात्र सहसा काम झाल्यावरच पैसे देते. तिथे उद्यम नोंदणी कामी येते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे कायद्याने जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर व्याज लागू होतं.

पहिले तीन महिने तासांची वही मात्र ठेवायला हवी. समजा, वहीत दिसलं की रीलला पाच नव्हे, सात तास लागताहेत, कारण चित्रीकरणाच्या दिवशी साड्या तयारच नसतात. तीन रीलमागे सहा तास, म्हणजे महिन्याला 3 हजारांचं काम फुकट. मग चौथ्या महिन्याआधी वही मालकांपुढे ठेवून दोनच पर्याय द्यायचे: साड्या आदल्या दिवशी निवडून ठेवा, नाहीतर फी 23 हजार.