सोलरचं बिल: तीन आकडे, एक हिशेब

छतावर सोलर बसवलेल्या बहुतेक घरांत पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकच तक्रार ऐकू येते. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये महिन्याचे 350 युनिट दिसतात आणि बिलावर मात्र महावितरणला दिलेले म्हणून 230 च असतात. मग उरलेले 120 गेले कुठे? कोणी म्हणतं मीटर खोटा आहे, कोणी म्हणतं कंपनीने खाल्ले. हे 120 युनिट घरातल्यांनीच वापरलेले असतात. दिवसा फ्रीज, पंखा, पाण्याची मोटर चालू असताना पॅनेलची वीज आधी घरातच खर्च होते. त्यातून जी उरते, तीच मीटरमधून बाहेर जाते. अ‍ॅप दाखवतं ती निर्मिती, मीटर दाखवतो ती निर्यात. हे दोन आकडे सारखे येत नाहीत आणि येऊही नयेत.

नेट मीटरला दोन वेगळे काटे असतात, असं समजावं. तुम्ही ग्रिडकडून घेतलेली वीज एक काटा मोजतो, तुम्ही दिलेली दुसरा. मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने येत राहतात. कोणता आकडा घेतलेल्या विजेचा आहे आणि कोणता दिलेल्या, हे शेजारच्या imp आणि exp किंवा I आणि E अशा अक्षरांवरून कळतं. आपल्याला फक्त kWh लिहिलेले आकडे पाहायचे असतात. दोन्ही काटे पुढेच जातात, उलटे फिरत नाहीत. वजाबाकी होते ती बिलावर.

नाशिककडच्या एका घराचं उदाहरण घेऊ. घर कल्पनेतलं असलं तरी आकडे अशा घरांत येतात तसेच आहेत. छतावर 3 किलोवॅटची यंत्रणा आहे. जानेवारीच्या बिलात आयातीचं मागील रीडिंग 4210 आणि चालू रीडिंग 4350, म्हणजे घेतलेले युनिट 140. निर्यातीचं मागील रीडिंग 5865 आणि चालू 6095, म्हणजे दिलेले 230. डिसेंबरच्या बिलात पुढे ओढलेली शिल्लक 60 होती. 140 घेतले आणि 230 दिले, तर या महिन्यात 90 जास्त दिले गेले. त्यात जुने 60 मिळवले की शिल्लक 150. आकारणीचे युनिट शून्य. शेवटी अ‍ॅपमधली 350 ची निर्मिती घ्या, तिच्यातून 230 वजा करा आणि आयातीचे 140 मिळवा. उत्तर येतं 260, आणि हा त्या घराचा महिन्याचा खरा वापर.

या बिलावर शून्य युनिट असूनही रक्कम शून्य नसते. स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क भरावंच लागतं, कारण ते युनिटवर अवलंबून नाही. वीज आकार आणि वहन आकार मात्र वजाबाकीनंतर उरलेल्या युनिटवरच लागतात. सोलरचा खरा फायदा इथेच दिसतो. घरगुती दर 100, 300, 500 युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. एखाद्या महिन्यात 320 युनिट घेतले आणि 170 दिले, तर आकारणी 150 वर होते. म्हणजे निर्यातीने आधी वरचे महाग युनिट कापले.

आता वर्षाच्या शेवटाकडे येऊ, कारण शिल्लक समजून घेताना सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या 2019 च्या नियमांनुसार जमा युनिट एका आर्थिक वर्षापुरतेच पुढे ओढले जातात. 31 मार्चला जे उरतील ते वीज कंपनी आयोगाने मान्य केलेल्या दराने विकत घेते आणि नव्या वर्षाचं खातं शून्यापासून सुरू होतं. हा दर आपण कंपनीला मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. आपल्या नाशिकच्या घरात फेब्रुवारीत 130 घेतले आणि 225 दिले, तेव्हा शिल्लक 245 झाली. मार्चमध्ये 210 घेऊन 235 दिले, शिल्लक 270. एप्रिलमध्ये एसी सुरू झाला, 260 घेतले आणि 180 दिले. शिल्लक पुढे आली असती तर हे 80 युनिट तिच्यातून सहज वजा झाले असते. पण खातं नुकतंच रिकामं झालेलं, म्हणून 80 युनिटचं बिल आलं. यात कंपनीची चूक नाही, आणि 270 युनिट बुडालेही नाहीत. त्यांची रक्कम पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत जमा दिसायला हवी. पण आपल्या महाग युनिटच्या जागी त्यांचे स्वस्त पैसे झाले, हे खरं. म्हणून दरवर्षी मार्चमध्ये मोठी शिल्लक उरत असेल, तर छतावर आणखी पॅनेल वाढवण्याआधी दहादा विचार करावा.

हिशेब बिघडतो तेव्हा तो बहुधा तीन ठिकाणी बिघडतो. एक म्हणजे शिल्लक. मागच्या बिलाची अखेरची शिल्लक आणि या बिलाची सुरुवातीची शिल्लक जुळलीच पाहिजे, एप्रिलचा अपवाद सोडून. दुसरं, रीडिंग घेतलंच गेलं नाही आणि सरासरीने बिल आलं, की आयात अंदाजाने लागते आणि निर्यातीच्या रकान्यात शून्य दिसतं. चार महिने ढगाळ असले तरी निर्यात अगदी शून्य होणं जवळजवळ अशक्य आहे, तेव्हा असं शून्य दिसलं की त्याच आठवड्यात तक्रार करावी.

तिसरी चूक सगळ्यात महाग पडते. नेट मीटर बसण्याआधीच कंत्राटदार उत्साहाने सोलर सुरू करून देतो. जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा वीज कोणत्याही दिशेने गेली तरी आकडा पुढेच ढकलतात, चोरी पकडता यावी म्हणून त्यांची रचनाच तशी असते. तुम्ही दिलेली वीजही मग तुम्ही घेतली म्हणून मोजली जाते आणि सोलर लागल्यावर बिल कमी होण्याऐवजी वाढतं. नेट मीटर लागेपर्यंत इन्व्हर्टर बंदच ठेवावा, याला दुसरा इलाज नाही.

मीटरची जोडणी उलटी झाली आहे का, हेही घरीच तपासता येतं. सूर्य मावळल्यावर दोन्ही आकड्यांचा फोटो काढा आणि पहाटे पुन्हा काढा. रात्रभरात फक्त आयातीचा आकडा वाढलेला असायला हवा. निर्यातीचा वाढला असेल, तर दिशा उलटी लागली आहे. लख्ख उन्हात, घरातली मोठी उपकरणं बंद असताना, निर्यातीचा आकडा सरकायला हवा.

अ‍ॅपशी ताळा करताना तारखांकडेही लक्ष द्या. अ‍ॅप महिन्याच्या 1 तारखेपासून मोजतं, बिल मात्र रीडिंग घेतलेल्या दिवसापासून. शिवाय लाइट गेली की बॅटरी नसलेला सोलर इन्व्हर्टर बंद होतो. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या बाजूने वीज लागू नये म्हणून ही सोय असते. म्हणजे दुपारी दोन तास भारनियमन झालं, तर तेवढी निर्मिती झालेलीच नसते आणि ती बिलात शोधूनही सापडणार नाही.

दर महिन्याला रीडिंगच्या दिवशी दोन्ही आकड्यांचा एक फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि मार्चचं बिल जपून ठेवून एप्रिल-मेच्या बिलात उरलेल्या युनिटची रक्कम जमा झाली का, ते नक्की पाहा. दिसली नाही, तर ग्राहक क्रमांक आणि दोन्ही बिलांची प्रत जोडून उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज द्या.