'हॅक झालं' या दोन शब्दांचे भाषांतर

नागपूरच्या कायदेव्यवहाराला दोन भाषांत वावरण्याची सवय जुनी आहे. 1936 साली येथे स्वतंत्र उच्च न्यायालय आले आणि 1956 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. संविधानाच्या अनुच्छेद 348 मुळे उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते, तर पोलीस ठाण्यातील फिर्याद मराठीत लिहिली जाते. त्यामुळे मराठी कागदाचे इंग्रजी करणारी माणसे येथील वकिलांना नेहमीच लागतात. अलीकडे या कामाला एक नवा वाचक मिळाला आहे. तो म्हणजे समाजमाध्यम कंपनीच्या परदेशातील मदतकक्षात बसलेला कर्मचारी. त्याला आपले कायदे ठाऊक नसतात. तक्रार कोणत्या रकान्यात टाकायची, एवढेच तो ठरवतो, आणि सगळे त्यावरच अवलंबून असते.

एक कल्पित तक्रार घेऊ. धरमपेठेतील एक शिक्षिका लिहितात : "माझं अकाउंट हॅक झालं आहे. परवापासून कोणीतरी माझ्या नावाने मैत्रिणींना पैसे मागून राहिला आहे. एकीने अठरा हजार दिले. बहुतेक आमचा जुना भाडेकरू असावा."

आपल्याकडे 'हॅक झालं' हे दोन अगदी वेगळ्या घटनांना म्हणतात. एकीत कोणी पासवर्ड मिळवून खात्यात शिरतो. दुसरीत खाते सुरक्षितच असते, पण त्यावरचे नाव व फोटो उचलून कोणी दुसरे खाते उघडतो. बाईंचे प्रकरण दुसरे आहे. भाषांतरकाराने इंग्रजीतही 'हॅक्ड' लिहिले, की मदतकक्ष लॉगिनच्या नोंदी तपासतो, त्यात काही सापडत नाही, पासवर्ड बदला असे सांगून तक्रार बंद करतो. तोतया खाते चालूच राहते.

कायद्यातही वाटा वेगळ्या आहेत. परवानगीविना खात्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 चा विषय, तर संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून ठकवणे हा 66-डी चा. 2021 च्या मध्यस्थविषयक नियमांत तर तोतयेगिरीच्या तक्रारीवर 24 तासांत कार्यवाही करण्याची तरतूद मुळात होती, आणि इतर तक्रारींना 15 दिवस. अशा मुदती दुरुस्तीने बदलतात, पण तोतयेगिरीचा रस्ता वेगळा आणि जलद आहे. त्या रस्त्यावर जायचे तर 'माझ्या खात्यात कोणी शिरलेले नाही. माझे नाव व फोटो वापरून दुसरे खाते उघडले आहे' असे सरळ लिहावे लागते. सोबत दोन्ही खात्यांचे पूर्ण पत्ते द्यावेत, कारण दिसणारे नाव दोन्हीकडे सारखेच असते.

आता 'एकीने दिले'. मराठीत हे पुरते, कारण ऐकणारा उरलेले मनात भरून घेतो. पण ठकवणुकीचा गुन्हा उभा राहतो तो मैत्रिणीच्या समजुतीवर : 'समोर शिक्षिकाच आहेत असे समजून तिने पैसे पाठवले.' हे वाक्य गाळले, तर नुसता पैशांचा व्यवहार उरतो. शिवाय येथे ठकली ती मैत्रीण, शिक्षिका नव्हे. 'माझी फसवणूक झाली' असे बाईंनी रागाने लिहिले असते, तरी ठकलेली कोण आणि नाव वापरले गेले ती कोण, हे भाषांतरकाराने त्यांना विचारून वेगळे करायला हवे. स्वतःच्या तर्काने मात्र भर घालू नये.

'मागून राहिला आहे' हे आपले वैदर्भी रूप. पुण्याकडचा भाषांतरकारही येथे अडखळू शकतो. अर्थ एवढाच की मागणे अजून चालू आहे. इंग्रजीत ते भूतकाळात गेले, तर निकडच निघून जाते. 'परवा' तर मागचाही असतो आणि पुढचाही; तेथे तारीख, महिन्याचे नाव अक्षरांत, आणि भारतीय वेळ लिहावी. नुसते 5/6 लिहिले तर अमेरिकेत तो 6 मे होतो.

सर्वांत नाजूक शब्द शेवटचा : 'असावा'. मराठी क्रियापद येथे संशय नेमका तोलते. इंग्रजीत घाईने 'आहे' झाले, की संशयाचा आरोप होतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालील बदनामीचा प्रश्न शिक्षिकेवरच उलटू शकतो. मदतकक्षाला खाते बंद करायला भाडेकरूचे नाव लागतही नाही. माझ्या मते ते वाक्य पोलिसांकडच्या फिर्यादीत, 'असावा'सकट, ठेवावे आणि परदेशी पाठवायच्या मजकुरातून वगळावे.

कलमांचे आकडे शेवटी एका ओळीत पुरतात. घटना मात्र एकेका वाक्यात एकेक यावी, आणि प्रत्येक वाक्यात कर्ता असावा. माहीत नसेल तेथे 'अज्ञात व्यक्तीने' असे लिहावे. तोतयाने पाठवलेले संदेश मूळ देवनागरीत जसेच्या तसे, चुकांसह, ठेवावेत आणि इंग्रजी अर्थ खाली द्यावा. कारण हाच इंग्रजी मजकूर पुढे मराठी फिर्यादीशेजारी न्यायालयात येऊ शकतो, आणि 'हॅक' एकीकडे, 'तोतया खाते' दुसरीकडे असे दिसले, तर आरोपीचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारतो.