पीडीएफमधून आणलेला मजकूर वर्डमध्ये का तुटतो?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध टाइप करून देणाऱ्यांच्या टेबलावर एक वाक्य रोज ऐकू येतं: "पीडीएफमधनं कॉपी केलंय, पण ओळी मधेच तुटाय लागल्यात. जस्टिफाय करून द्या की." पहिला गैरसमज इथेच आहे. जस्टिफाय केल्याने त्या ओळी भरत नाहीत, कारण परिच्छेदाची शेवटची ओळ वर्ड ताणत नाही आणि इथे तर प्रत्येक ओळच स्वतंत्र परिच्छेद झालेली असते. Ctrl+Shift+8 दाबा, खरं काय ते दिसेल:

```
२६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी¶
करवीर संस्थानात ५० टक्के जागा मागास¶
वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला.¶
¶
पुढचा परिच्छेद इथून सुरू होतो.¶
```

पीडीएफमध्ये बहुधा अक्षरं पानावर कुठे बसवायची एवढंच लिहिलेलं असतं. परिच्छेद कुठे संपतो, याची नोंद सहसा नसते. म्हणून कॉपी करताना छापील ओळ संपली की एंटर पडतो.

"फक्त मजकूर पेस्ट करा, मग एंटर जातील" हाही गैरसमजच. त्याने फाँट, रंग, आकार जातात, एंटर तसेच राहतात.

मग Ctrl+H उघडून सगळे `^p` काढून टाकावेत का? इथे सर्वांत मोठं नुकसान होतं. अख्खं प्रकरण एकच परिच्छेद बनतं आणि जागा रिकामी सोडून बदल केला असेल तर 'महाराजांनीकरवीर' असे शब्द चिकटतात. म्हणून आधी खरे परिच्छेद खूण करून वाचवायचे. मजकुरात कुठेही नसलेली खूण घ्या, मी `##` घेतो. डावीकडचं शोधा, उजवीकडचं भरा, क्रम मात्र हाच ठेवा:

```
^p^p  →  ##
^p    →  (एक स्पेस)
##    →  ^p
```

वरच्या नमुन्यातल्या पाच ओळींचे नेमके दोन परिच्छेद होतात. चिन्ह ¶ ऐवजी वाकडा बाण दिसत असेल तर ते `^l` आहे. आधी त्याचं `^p` करून घ्या. रिकाम्या वाटणाऱ्या ओळीत कधी एखादी स्पेस लपलेली असते, त्यामुळे पहिली पायरी चुकते. ती आधी पुसा.

दोन परिच्छेदांमध्ये रिकामी ओळच नसेल तर पूर्णविरामाचा आधार घेता येतो: `.^p` च्या जागी `.##`. पण ओळीच्या शेवटी 'डॉ.' आला की तिथेही परिच्छेद तुटतो, आणि परिच्छेदाच्या मधलं एखादं वाक्य योगायोगाने ओळीच्या टोकाला संपलं तरी तसंच होतं. त्यामुळे ही वाट धरलीत तर मूळ पीडीएफ शेजारी उघडी ठेवून तपासावंच लागतं.

पानाचे आकडे आणि वरची शीर्षकं ओळी जोडण्याआधीच काढा. नंतर ती वाक्याच्या पोटात शिरतात आणि 'हुकूम ४७ काढला' असं वाचावं लागतं. कविता, अभंग आणि तक्ते तर या बदलातून वगळाच, कारण तिथे ओळ लेखकाने मुद्दाम तोडलेली असते. आपला भाग निवडून मगच `Replace All` दाबा, आणि उरलेल्या भागातही बदल करू का, असं वर्डने विचारलं तर 'नाही' म्हणा.