मेल मोजू नका, तोला

रविवारी सकाळी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन घरी आले. सोसायटीच्या जीमेलवर मेल येणं बंद झालं होतं. सभासदांनी पाठवलेली पत्रं त्यांच्याकडेच परत जात होती, कारण पंधरा जीबीची जागा भरली होती. "अहो, आठवडाभर बसून जाहिरातींचे आठ हजार मेल उडवले," ते वैतागून म्हणाले, "पण आकडा ढिम्म हलत नाही!"

आकडा हलत नव्हता, त्याची दोन कारणं होती. पहिलं म्हणजे काढलेले मेल तीस दिवस `Trash` मध्ये पडून राहतात आणि तोवर जागा अडवतात. दुसरं कारण मोठं होतं. जाहिरातीचा मेल साधारण साठ-सत्तर केबीचा. असे आठ हजार मिळून जेमतेम अर्धा जीबी भरतो. पाचोळा झाडला, पण धोंडे जागेवरच राहिले.

धोंडे शोधण्याआधी ते कुठे आहेत हे पाहिलं. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून पंधरा जीबी असतात. कोणी किती जागा खाल्ली ते `one.google.com/storage` या पानावर दिसतं. इथे एकट्या मेलचे अकरा जीबी होते. मग जीमेलच्या शोधचौकटीत लिहिलं:

```
has:attachment larger:10M
```

म्हणजे फाइल जोडलेले, दहा एमबीहून मोठे मेल. दोनशे साठ निघाले. शोधाचे निकाल वजनाच्या क्रमाने लागत नाहीत, म्हणून आधी `larger:20M`, मग दहा, मग पाच असं पायरीपायरीने उतरावं.

बरेचसे मेल एकाच कागदाच्या प्रती होते. आर्किटेक्टने दुरुस्तीचा बारा एमबीचा नकाशा पाठवला. मेलमधून जाताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे बाराचे सोळा एमबी झाले. नुसतं उत्तर दिलं तर जोडलेली फाइल पुन्हा जात नाही, पण फॉरवर्ड केलं की जाते. समितीतल्या चौघांना वेगवेगळं फॉरवर्ड केल्यामुळे पाठवलेल्या मेलमध्ये आणखी चार प्रती साठल्या. एका नकाशाने ऐंशी एमबी खाल्ले! त्यामुळे `in:sent larger:10M` हा शोधही घ्यावाच.

आता जुन्या मेलकडे वळलो. पाच वर्षांपूर्वीचे जड मेल असे शोधले:

```
larger:5M older_than:5y -is:starred
```

शेवटच्या तुकड्यामुळे तारांकित मेल निकालातून वगळले जातात. म्हणून लेखापरीक्षणाचे अहवाल, सभांची इतिवृत्तं, शेअर हस्तांतराचे कागद यांना आधीच तारा लावून ठेवला.

खरा धोका मात्र इथेच असतो. जीमेल एका विषयाची सगळी पत्रं एका माळेत ओवून दाखवतं. शोधात माळेतलं एखादंच जुनं पत्र सापडलेलं असलं, तरी टिचकी मारून काढताना अख्खी माळ जाते. लिफ्टच्या कंत्राटदाराशी सहा वर्षांपूर्वी सुरू झालेल्या पत्रव्यवहारात गेल्या महिन्याचं हमीपत्रही होतं. ते जुन्या फोटोंबरोबर गेलं असतं, ताराही त्याला वाचवू शकला नसता. म्हणून `Settings` मध्ये `Conversation view off` केलं. आता प्रत्येक पत्र सुटं दिसू लागलं आणि सुटंच काढता आलं.

दुसरी मर्यादा अशी, की पत्र ठेवून फक्त फाइल काढून टाकण्याची सोय जीमेलमध्ये नाही. काढायचं तर दोन्ही जातं. जिथे मजकूर महत्त्वाचा होता, तिथे पत्र उघडून तीन ठिपक्यांच्या यादीतून `Download message` ने लॅपटॉपवर उतरवलं. त्या `.eml` फाइलीत पत्र आणि जोडलेली फाइल दोन्ही येतात. उतरवलेली फाइल उघडून पाहिली आणि मगच मूळ पत्र काढलं. `Archive` करून मात्र काही साधत नाही. पत्र फक्त नजरेआड होतं, वजन तेवढंच राहतं.

दोनशे साठपैकी दोनशे दहा मेल निघाले. सरासरी सतरा एमबी धरले तरी साडेतीन जीबी झाले. काढलेल्यांच्या यादीवरून शेवटची नजर फिरवून `Trash` रिकामं केलं. इथून मात्र परतीची वाट नसते. जागेचा आकडा बदलायला एखादा दिवस लागू शकतो, म्हणून सेक्रेटरींना लगेच न घाबरण्याची ताकीद दिली.

सोमवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला. "सभासदांची पत्रं येऊ लागली," ते म्हणाले, "पहिलंच पाण्याच्या तक्रारीचं आहे, आणि सोबत गळतीचे अकरा फोटो!"