यजमान एआरएम, पाहुणा इंटेल

माझी भाची संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मायक्रोप्रोसेसरच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांना वर्गात एक तयार उबुंटू वाटलं होतं. ते आपल्या लॅपटॉपवर आभासी मशीन म्हणून चालवायचं, त्यात नासम वापरून असेम्ब्ली भाषेतले प्रोग्राम लिहायचे आणि जीडीबीनं ते एकेक पाऊल चालवून पाहायचे. वर्गातल्या इतरांचं काम पाच मिनिटांत सुरू झालं. हिच्याकडे ॲपलचा एम-१ चिपचा मॅकबुक. त्यावर यूटीएम नावाच्या ॲपमधून तिनं ते उबुंटू कसंबसं सुरू केलं, पण लॉगिनचा पडदा यायला चहा होऊन प्यायलाही वेळ मिळत होता. माउस हलवला की बाण मागाहून यायचा. टर्मिनल उघडायला सांगितलं की आधी काहीच नाही, मग अचानक तीन टर्मिनल, कारण वैतागून तिनं तीनदा क्लिक केलेलं असायचं.

“मावशी, एवढा महागाचा लॅपटॉप, आणि लॅबमधला जुना डबा याच्यापेक्षा भारी चालतो. बिघडलाय का गं हा?”

लॅपटॉप बिघडला नव्हता. मी तिला दोन टर्मिनलमध्ये एकच आज्ञा द्यायला सांगितली, एकदा मॅकमध्ये आणि एकदा आतल्या उबुंटूमध्ये. ती आज्ञा म्हणजे `uname -m`. मॅकनं उत्तर दिलं `arm64`, उबुंटूनं दिलं `x86_64`. तिच्या त्रासाचं सगळं मूळ या दोन शब्दांतल्या फरकात होतं.

आभासी मशीनच्या जगात लॅपटॉपला यजमान म्हणतात आणि आत चालणाऱ्या प्रणालीला पाहुणा. दोघांची जात एकच असेल, म्हणजे इंटेलवर इंटेल किंवा एआरएमवर एआरएम, तर यजमानाला फारसं काही करावं लागत नाही. पाहुण्याच्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरवर धावतात आणि यजमान फक्त धोक्याच्या जागी, उदाहरणार्थ डिस्कला हात लावताना, मध्ये पडतो. याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात आणि त्यात वेगाची घट इतकी थोडी असते की ती जाणवतही नाही. वर्गातल्या इतर मुलांकडे हेच चाललं होतं.

भाचीच्या मॅकमधल्या प्रोसेसरला मात्र पाहुण्याची भाषाच येत नाही. इंटेलच्या आज्ञांचे बाइट त्याच्या दृष्टीनं निरर्थक आहेत. त्यामुळे यूटीएमच्या पोटात असलेला क्यूईएमयू हा प्रोग्राम दुभाष्याचं काम करतो. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं तो 2003 साली पहिल्यांदा प्रसिद्ध केला. क्यूईएमयू पाहुण्याच्या आज्ञांचा एक छोटा तुकडा उचलतो, पुढची उडी येईपर्यंतचा. त्याचं एआरएमच्या आज्ञांत भाषांतर करतो, ते मेमरीत साठवतो आणि मग ते चालवतो. तोच तुकडा पुन्हा आला तर पुन्हा भाषांतर करत नाही, साठवलेलंच वापरतो. एका तुकड्यानंतर नेहमी दुसरा ठरावीक तुकडा येत असेल, तर दोन्ही भाषांतरं एकमेकांना थेट जोडूनही टाकतो. हे काम फार हुशारीनं केलेलं आहे, आणि तरीही ते मंद का वाटतं, हे समजून घेण्यासाठी एकच आज्ञा घेऊन तिच्या मागे जावं लागतं.

```
add eax, [rbx+8]
```

अर्थ सोपा आहे: `rbx` मधल्या पत्त्याच्या आठ घरं पुढे मेमरीत जो आकडा आहे तो वाच आणि `eax` मध्ये मिळव. खऱ्या इंटेल प्रोसेसरसाठी ही एक आज्ञा. आता एआरएमवर काय होतं ते पाहू.

पत्ता काढणं सोपं आहे, एक बेरीज. पण तो पत्ता पाहुण्याचा आहे. पाहुण्याला वाटतं की आपल्याकडे स्वतःची मेमरी आहे आणि तिची वाटणी आपण आपल्या तक्त्यांनुसार केली आहे. प्रत्यक्षात ती मेमरी क्यूईएमयूनं मॅकवर घेतलेल्या एका मोठ्या जागेत कुठेतरी असते. खऱ्या प्रोसेसरमध्ये पत्त्याचा हा बदल करायला वेगळं हार्डवेअर असतं. इथे ते काम सॉफ्टवेअरनं करायचं. क्यूईएमयू अलीकडच्या पत्त्यांची एक यादी ठेवतो आणि मेमरीत जाण्याआधी प्रत्येक वेळी तीत पाहतो. यादीतली जागा काढायची, तिथली नोंद वाचायची, ती आपल्या पत्त्याशी जुळते का तपासायचं, जुळली तर फरक मिळवायचा, आणि मग खरा आकडा वाचायचा. हे सुरळीत झालं तरी सात-आठ आज्ञा होतात. नोंद सापडली नाही तर पाहुण्याचे तक्ते पायरी-पायरीनं उलगडावे लागतात आणि त्यात शेकडो आज्ञा जाऊ शकतात. सामान्य प्रोग्राममध्ये मेमरीला हात लावणाऱ्या आज्ञा पावलोपावली येतात, म्हणून माझ्या मते मंदपणाचा सर्वांत मोठा वाटा याच एका तपासणीचा आहे.

यानंतर खरी बेरीज, एक आज्ञा. पण इंटेलची बेरीज एवढ्यावर थांबत नाही. उत्तर शून्य आलं का, ऋण आलं का, हातचा राहिला का, मर्यादा ओलांडली का, अशा सहा खुणा ती मागे ठेवते. एआरएमकडे त्यातल्या चारच आहेत. उत्तराच्या शेवटच्या बाइटमधले एक असलेले बिट सम आहेत का, हे सांगणारी खूण त्याच्याकडे नाही. प्रत्येक बेरजेनंतर सहाही खुणा मोजत बसलं तर वेग आणखी घसरेल. म्हणून क्यूईएमयू त्या मोजतच नाही. कोणती क्रिया झाली आणि तिचे आकडे कोणते होते, एवढंच लिहून ठेवतो, आणि पुढे कुणी एखादी खूण विचारली तरच ती काढतो. बऱ्याचदा कुणी विचारतच नाही. पण ते लिहून ठेवायलाही दोन-तीन आज्ञा लागतात.

बेरीज करून पाहा: एका आज्ञेच्या जागी अकरा ते तेरा. बारापट आज्ञा म्हणजे नेमका बारापट वेळ असं नाही, कारण आजचे प्रोसेसर एका ठोक्यात अनेक आज्ञा उरकतात, पण घसरणीचा अंदाज त्यावरून येतो.

मग भाचीनं केलं ते काय? तिनं यूटीएममध्ये पाहुण्याला चार कोर दिले. काही फरक पडला नाही. मॅकच्या ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये पाहिलं तर क्यूईएमयूचा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास अडकलेला होता. तिथे शंभर टक्के म्हणजे एक कोर. चारही कामाला लागले असते तर आकडा चारशेकडे गेला असता.

याचं कारण मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटतं. इंटेल प्रोसेसर वचन देतो की एका कोरनं मेमरीत आधी ‘अ’ आणि मग ‘ब’ लिहिलं, तर दुसऱ्या कोरला ते त्याच क्रमानं दिसेल. इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम या वचनावर विसंबून असतात. एआरएम असं वचन देत नाही, त्याला क्रम बदलायची मुभा आहे. त्यामुळे पाहुण्याचे चार कोर चार खऱ्या कोरवर मोकळे सोडले, तर एखादा प्रोग्राम हजारदा नीट चालून हजार एकाव्यांदा चुकेल. जागोजागी अडसर घालून क्रम पाळायला लावता येतो, पण ते अडसर स्वतःच महाग असतात. क्यूईएमयूनं या जोडीसाठी बरीच वर्षं सुरक्षित वाट धरली: सगळे आभासी कोर एकाच धाग्यावर, पाळीपाळीनं. यूटीएममध्ये हे बदलायची खूण आहे, तिच्याशेजारी चुकीच्या निकालांचा इशाराही आहे, आणि तो इशारा गंभीरपणे घ्यावा. ॲपलनं आपल्या रोझेटासाठी हा तिढा चिपमध्येच सोडवला. त्या चिपला इंटेलसारखा क्रम पाळायला सांगणारी सोय आहे. शिवाय रोझेटा भाषांतराचा मोठा भाग आधीच करून डिस्कवर ठेवतो, आणि तो अख्खी प्रणाली नव्हे तर फक्त प्रोग्राम उलगडतो, म्हणून ती पत्त्यांची तपासणी त्याला लागत नाही. रोझेटा चपळ आणि यूटीएम संथ, याचं उत्तर एवढ्यात आहे.

उबुंटूचा डेस्कटॉप या मंदपणात भर घालतो. सुरू होताना चालणारा बराचसा कोड एकदाच चालतो, म्हणजे भाषांतराचा खर्च होतो पण साठवलेल्याचा उपयोग होत नाही, आणि मशीन बंद केलं की ती साठवण जाते. त्याहून वाईट गोष्ट पडद्याची. ग्राफिक्स चिपची मदत नसेल तर उबुंटू खिडक्या, सावल्या, सगळं प्रोसेसरकडून रंगवून घेतं. ते रंगवणारा भाग चालता चालता स्वतःच इंटेलचा नवा कोड तयार करतो. क्यूईएमयूला मग त्या ताज्या कोडचं पुन्हा भाषांतर करावं लागतं. ब्राउझरमधली जावास्क्रिप्टही असंच करते. भाषांतर झालेल्या पानावर नवा कोड लिहिला गेला की जुनं भाषांतर फेकून द्यावं लागतं. माउसचा बाण अडखळत होता तो यामुळे.

म्हणजे भाचीचा वीस ओळींचा प्रोग्राम मंद नव्हताच. मंद होता त्याच्याभोवतीचा डेस्कटॉप. हे लक्षात आल्यावर आम्ही ते वाटलेलं उबुंटू बाजूला ठेवलं आणि यूटीएममध्येच एआरएमसाठीचं उबुंटू घेतलं. ते व्हर्च्युअलायझेशननं चालतं, म्हणून झपकन उघडलं. मग त्यात हे:

```
sudo apt install nasm qemu-user gdb-multiarch \
  binutils-x86-64-linux-gnu
nasm -f elf64 p1.asm -o p1.o
x86_64-linux-gnu-ld p1.o -o p1
qemu-x86_64 ./p1
```

नासम हा शेवटी एक प्रोग्रामच. तो एआरएमवर बसूनही इंटेलचे बाइट बिनचूक लिहितो. क्यूईएमयूच्या वाट्याला उरतात फक्त तिच्या प्रोग्राममधल्या मोजक्या आज्ञा. प्रोग्रामनं पडद्यावर काही छापायला प्रणालीकडे मागणी केली की ती मागणी थेट यजमान लिनक्सकडे जाते, तिचं काम एआरएमच्या वेगानं होतं. प्रोग्राममध्ये `printf` सारखं काही बाहेरून बोलावलं तर मात्र इंटेलसाठीची लायब्ररी वेगळी आणावी लागते. आणि कर्नलमध्ये मॉड्यूल घालायचं असेल तर ही वाट बंद, तिथे अख्खी प्रणालीच चालवावी लागते.

जीडीबीवर ती पुन्हा अडली. नेहमीच्या पद्धतीनं दुसऱ्या प्रोग्रामच्या आत डोकावण्याची सोय या दुभाष्यात नाही. त्याऐवजी दुभाष्यालाच थांबायला सांगायचं आणि जीडीबीनं त्याच्याशी बोलायचं:

```
qemu-x86_64 -g 1234 ./p1
```

दुसऱ्या टर्मिनलमध्ये `gdb-multiarch ./p1` आणि मग `target remote :1234`. तिनं `stepi` दिलं, बेरीज झाली, आणि `info registers eflags` विचारलं. कंसात `ZF` आणि `PF` दिसले. “आत्ता मोजले का गं ते?” तिनं विचारलं. हो. बेरीज झाली तेव्हा फक्त आकडे टिपून ठेवले होते. तिच्यासाठी प्रोग्राम थांबला, तेव्हा कुठे दुभाष्यानं सहाही खुणांचा हिशेब पुरा केला.