साठचा गेला, आता कितीचा आणायचा?

दुकानात आजही "साठचा द्या" असंच मागितलं जातं. खरं तर वॅट म्हणजे बल्ब खातो ती वीज. तो देतो तो प्रकाश लुमेनमध्ये मोजतात, आणि हा आकडा एलईडीच्या खोक्यावर छापलेला असतो.

आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तारेचा चाळीसचा बल्ब सुमारे ४०० लुमेन द्यायचा, साठचा ७००, शंभराचा साधारण १,३५०. इंटरनेटवरच्या अमेरिकी तक्त्यात साठच्या बल्बापुढे ८०० असतात. तिथे वीज १२० व्होल्टची, म्हणून तेवढ्याच वॅटच्या बल्बाची तार जाड असते. जाड तार जास्त तापवता येते आणि उजेडही जास्त देते. आपल्या घरासाठी तो तक्ता नेमका लागू पडत नाही.

शंभराच्या बल्बाचंही तसंच. त्याची तार चाळीसच्या बल्बापेक्षा जाड, म्हणून दर वॅटला तो जास्त प्रकाश द्यायचा. त्यामुळे "जुन्या वॅटला दहाने भागा" हा सांगोवांगीचा हिशेब चाळीसला जमतो, शंभराला चुकतो. साधा एलईडी वॅटला शंभरेक लुमेन देतो असं धरलं, तर दहा वॅटच्या एलईडीचे १,००० होतात. साडेतीनशे लुमेन कमी पडले.

ही चूक सगळ्यात जास्त जाणवते ती स्वयंपाकघरात. छताच्या मधोमध शंभराचा बल्ब होता, त्या जागी नऊ वॅटचा, ९०० लुमेनचा एलईडी आला. उजेड एक तृतीयांशाने घटला. त्यात ओट्याशी उभं राहिलं की दिवा पाठीमागे, आणि आपलीच सावली विळीवर. इथे मी मोठा बल्ब आणायला सांगणार नाही. मध्ये ७०० लुमेनचा लावा आणि भिंतीवरच्या फळीखाली ६०० लुमेनची छोटी एलईडी पट्टी बसवा. बेरीज जुन्या बल्बाएवढीच, पण तांदळातला खडा आता दिसेल.

झोपायच्या खोलीत साठचा असेल तर ७०० लुमेन शोधा, बहुधा सात वॅटचा मिळेल. न्हाणीघरातल्या पंचविसाच्या बल्बाला तीन वॅटचा पुरून उरतो. झिरोचा बल्ब नावालाच झिरो, खायचा सुमारे पंधरा वॅट. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी चालतो.

बैठकीच्या खोलीतल्या ट्यूबलाइटच्या जागी मात्र एक बल्ब लावू नका. छत्तीस वॅटची जुनी ट्यूब जवळपास २,४०० लुमेन देते, म्हणजे नऊ वॅटच्या अडीच बल्बांहून जास्त. पण तिचा बराच प्रकाश मागच्या भिंतीवर जातो, तर एलईडी ट्यूब तो पुढेच फेकते. म्हणून वीस वॅटची, २,००० लुमेनची एलईडी ट्यूब तिथे पुरते.